अण्णांच्या फोटोखाली काय लिहायचं?

मालकांनी सांगितलं तेव्हा काम दहा मिनिटांचं वाटत होतं. आमचं एसी दुरुस्ती आणि फिटिंगचं ऑफिस आहे, सोलापुरात. फोन घेणं, जॉब कार्ड बनवणं, कोणता टेक्निशियन कुठे पाठवायचा ते ठरवणं आणि इन्स्टाग्राम-फेसबुकचं पेज सांभाळणं ही सगळी माझी कामं. मालक म्हणाले, "दर महिन्याला आपल्या एका माणसाची ओळख करून द्यायची. फोटो आणि खाली चार ओळी. लोकांना कळू दे की आपल्याकडं माणसं काम करतात." पहिला मान अण्णांचा. ते आमच्याकडे सर्वांत जुने, आणि गिऱ्हाईक नाव घेऊन मागतात असे तेच एक.

चार ओळींचा नमुनाही मालकांकडे तयार होता. मेहनती, हसतमुख, सदैव तत्पर, आमच्या कुटुंबाचा कणा. वाचून मी गप्प बसले. यातला एकही शब्द खोटा नव्हता. अण्णा मेहनती आहेतच. पण हाच मजकूर पेट्रोल पंपावरच्या माणसाखाली लावला, बँकेतल्या शिपायाखाली लावला, तरी चालला असता. अण्णा सकाळी दहा ते रात्री आठ नेमकं काय करतात, ते त्यात कुठेच नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही ते फक्त जॉब कार्डावरून माहीत होतं. "कूलिंग नाही", "वॉश केला", "ओके". म्हणून मी मालकांकडून एक दिवस मागून घेतला आणि अण्णांच्या मागे निघाले.

एप्रिलचा शेवट होता. सोलापुरात त्या दिवसांत पारा त्रेचाळीसच्या आसपास असतो आणि आमचा फोन खाली ठेवायला सवड नसते. त्या काळात अण्णांच्या वाट्याला दिवसाला सहा-सात कॉल येतात. दुचाकीवर पुढे पायाशी टूल किट, मागे हेल्पर पोरगा, त्याच्या मांडीवर जेट पंप आणि खांद्याला पाइपचं वेटोळं. मी माझ्या स्कूटीवर मागोमाग.

निघण्याआधी अण्णांनी दिवसाची यादी घेतली आणि मी लावलेला क्रम बदलून टाकला. मी अंतर बघून लावला होता. आधी जुळे सोलापूर, मग विजापूर रोड, मग पूर्व भाग. अण्णांनी ज्यांचं आउटडोअर गच्चीवर उघड्या उन्हात आहे ते दोन कॉल सकाळी घेतले आणि सावलीतली, गॅलरीतली कामं दुपारी ढकलली. दुपारी एक वाजता गच्चीवरच्या आउटडोअरच्या पत्र्याला हात लावून बघा म्हणाले. लावायची गरज नव्हती. मग त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः फोन केला. मला वाटलं, पत्ता विचारतील. त्यांचा पहिला प्रश्न होता, "घरात पाणी आहे का?"

बाहेरगावच्या वाचकाला यात काही वाटणार नाही. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. आउटडोअर नीट धुवायचं तर दोन-तीन बादल्या लागतात. ज्या घरात उद्या पाणी यायचंय आणि पिंप तळाला गेलंय, तिथे जाऊन "ताई, जरा तीन बादल्या द्या" म्हणणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. म्हणून अण्णा पाण्याचा दिवस विचारतात, आणि पाणी नसेल तर कॉल एक दिवस पुढे सरकवतात. मी इतकी वर्षं जॉब कार्डावर "गिऱ्हाइकाच्या सोयीने पुढे ढकलला" एवढंच लिहीत आले होते.

पहिले दोन कॉल पटकन झाले. एका ठिकाणी ड्रेनच्या पाइपला उतार उलटा होता म्हणून इनडोअरमधून भिंतीवर पाणी गळत होतं. क्लँप काढून पाइप बोटभर खाली घेतला, संपलं. दुसरीकडे रिमोटचे सेल संपले होते. होय, एवढंच. त्याचे पैसे घेताना अण्णा जरा ओशाळले, पण व्हिजिट चार्ज घेतला. पेट्रोल कोण देणार?

तिसरा कॉल अशोक चौकाच्या पलीकडचा, पूर्व भागातला. मला ज्यावर लिहायचं होतं तो हाच, हे तिथे पोहोचल्यावर अर्ध्या तासात लक्षात आलं.

खाली यंत्रमागाचा छोटा कारखाना, वर राहतं घर. जिना चढतानाच मागांचा खडखडाट पायातून वर येतो. पूर्व भागातली बरीच घरं तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजाची; अण्णाही त्याच वस्तीत वाढलेले. दारात आजी उभ्या होत्या. "नीळ्ळु उन्नाया, अक्का?" अण्णांनी विचारलं. पाणी आहे का? आजींचा चेहरा सैल झाला. माझ्याशी मराठी, हेल्परशी मराठी-कन्नड, आजींशी तेलुगू, आणि मधेच शेठशी फोनवर हिंदी. अण्णांना यात काही विशेष वाटत नाही, कुठल्याच सोलापूरकराला वाटत नाही.

तक्रार अशी. दीड टनाचा साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला, स्प्लिट एसी. वय चार वर्षं. रात्री बऱ्यापैकी गार करतो, दुपारी मात्र नुसता पंखा. त्याआधी एक मेकॅनिक येऊन गेला होता. त्याने पाच मिनिटं बघून "गॅस संपलाय" सांगितलं आणि अठ्ठावीसशे रुपये मागितले. पैसे जास्त वाटले म्हणून घरच्यांनी आम्हाला फोन केला. आता अण्णांनीही गॅसच सांगितला असता तर त्यांनी मुकाट्याने भरला असता. दोन माणसं एकच गोष्ट सांगतात म्हणजे खरंच असणार.

अण्णांनी गॅसची बाटली गाडीवरच ठेवली. वर आणलीच नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आधी विचारून तर बघू त्याला." 'त्याला' म्हणजे एसीला.

त्यांचं विचारणं मी नीट बघितलं, कारण लिहायचं तेच होतं. आधी इनडोअरची जाळी काढून उजेडात धरली. स्वच्छ होती, सुनेने आठवड्यापूर्वीच धुतली होती. मग बारीक दांडीचा थर्मामीटर आधी इनडोअरच्या वर, जिथून खोलीतली हवा आत ओढली जाते तिथे धरला, आणि नंतर खाली गार हवा येते तिथे. वर एकतीस, खाली सव्वीस. फरक पाचाचा. चांगल्या चाललेल्या एसीत हा फरक दहा-बाराच्या घरात हवा. म्हणजे तक्रार खरी होती, मनाची नव्हती. तीही असते कधीकधी.

मग गॅलरीत आउटडोअरपाशी. पहिल्यांदा व्होल्टेज बघितलं, कारण जुन्या पेठांत दुपारी ते पडतं आणि कॉम्प्रेसर बिचारा उगाच बदनाम होतो. ते ठीक होतं. त्यानंतर त्यांनी क्लॅम्प मीटर काढला. चिमट्यासारखं तोंड असलेलं हे यंत्र वायरभोवती नुसतं अडकवायचं. वायर न कापता तिच्यातून किती अँपिअर करंट चाललाय ते कळतं. एसीच्या बाजूच्या पट्टीवर कंपनीने करंट छापलेला असतो, या एसीचा साडेसातच्या आसपास होता. मीटर नऊ दाखवत होता. बघता बघता नऊ पॉइंट आठ झाला. थोड्या वेळाने "टक्" असा आवाज झाला, कॉम्प्रेसरची घरघर थांबली आणि नुसता पंखा फिरत राहिला.

"झालं," अण्णा म्हणाले. "गॅस नाही."

मला काही कळलं नाही. त्यांनी समजावलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं होतं. "ताई, गॅस कमी असला की कॉम्प्रेसरला दाबायला काही नसतंय. हलका चालतोय. अँपिअर खाली येतंय. आणि इथं तर वर चाललंय. म्हणजे त्याच्यावर लोड हाय. गरमी बाहेर टाकता येईना, म्हणून तापून तापून बंद पडालाय. रात्री बाहेरची हवा थंड असते तेव्हा कसंबसं भागतंय."

मग त्यांनी जाड पाइपला हात लावला. तो गार होता आणि त्यावर घाम आला होता. बारीक पाइपवर बर्फ नव्हता. नटांच्या जोडापाशी बोट फिरवून बघितलं, तेलाचा डाग नव्हता. गॅस गळतो तिथे त्याच्याबरोबर थोडं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसून काळा चिकट डाग होतो. तसं काही नाही. प्रेशर बघायचं गेज त्यांनी लावलंच नाही. गेज लावताना-काढताना थोडा गॅस जातोच, आणि करंट, पाइप, जोड या तिघांनी एकच गोष्ट सांगितल्यावर चौथ्याला विचारायचं कारण नव्हतं. गरज पडली तर धुऊन झाल्यावर लावू, म्हणाले.

आता कारण सापडायचं होतं. आउटडोअरचा पंखा मागून आणि बाजूने हवा ओढतो, ती गरम जाळीतून नेतो आणि पुढून फेकतो. अण्णांनी पंख्यासमोर माझा हात धरायला लावला. हवा येत होती, पण फुंकर मारल्याइतकी. मग हेल्परने मोबाइलचा टॉर्च लावला आणि अण्णांनी आउटडोअर आणि भिंत यांच्या फटीत वाकून मागची बाजू बघितली, मलाही दाखवली. ॲल्युमिनियमच्या बारीक पात्या, ज्यांना हे लोक फिन म्हणतात, त्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर करड्या-पांढऱ्या रंगाचा जाड थर बसला होता. कोणी यंत्राच्या पाठीला सोलापुरी टॉवेल गुंडाळावा तसा. खाली माग चालतात, सुताची बारीक लव हवेत उडते, खिडकीतून वर येते, आणि आउटडोअर ती दिवसरात्र आत ओढत राहतो. धूळ असती तर थोडीफार झडली असती. लव एकमेकींत अडकते आणि तिचं कापड होतं.

आधीच्या मेकॅनिकने पुढूनच बघितलं असणार. पुढून आउटडोअर छान दिसत होता.

साफ कसं करायचं यातही क्रम आहे, आणि तो चुकला तर काम वाढतं. मेन एमसीबी बंद. मग कव्हर काढून कपॅसिटरचा साठलेला करंट उतरवला, कारण स्विच बंद केला तरी तो झटका देऊ शकतो. त्यानंतर हेल्पर जेट पंपाचा पाइप जोडायला लागला तसा अण्णांनी त्याला थांबवलं. "आधी कोरडं." लवेवर पाणी मारलं की ती भिजून फिनच्या आत घट्ट बसते, मग जन्मात निघत नाही. मऊ ब्रश घेऊन फिन ज्या दिशेने उभ्या आहेत त्याच दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने त्यांनी तो थर सोडवायला सुरुवात केली. आडवा ब्रश फिरवला तर पात्या वाकतात आणि हवेची वाट पुन्हा बंद. एका कोपऱ्यातून थर सुटला तसा त्यांनी तो बोटांनी धरला आणि वीतभर रुंद पट्टाच्या पट्टा अखंड सोलून काढला. मी तेव्हा फोटो घेतला.

मग वरचं झाकण काढलं, वायरिंगच्या डब्यावर आणि पंख्याच्या मोटरवर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि पाणी मारलं, तेही आतून बाहेर. हवा बाहेरून आत जाते, कचरा बाहेरच्या तोंडाला अडकतो. बाहेरून पाणी मारलं तर उरलेला आत ढकलला जाणार. पंपाचा जोर कमी ठेवला, नोझल सरळ समोर धरलं. दोन बादल्या लागल्या. तिसरी आजींनी आपणहून आणून ठेवली होती ती अण्णांनी परत आत नेऊन ठेवली. पाच-सहा ठिकाणी वाकलेल्या पात्या बारीक दातांच्या फणीने सरळ केल्या. वाळायला ठेवायची गरज सोलापूरच्या एप्रिलमध्ये फारशी पडत नाही.

चालू केल्यावर अर्धा तास थांबलो. अण्णा घाई करत नाहीत. सुरू केल्या केल्या सगळेच एसी चांगले वाटतात. अर्ध्या तासाने मीटरवर सात पॉइंट तीन. खोलीत वर अठ्ठावीस, खाली सोळा. फरक बाराचा. आता पंख्यासमोर हात धरला तर गरम झोत लागत होता, आणि तोच चांगला. त्या खोलीतली गरमी अखेर बाहेर पडत होती. बिल वॉशचं, सातशे रुपये. जाताना अण्णांनी सुनेला सांगितलं की मागाच्या वर घर आहे तोवर वर्षातून एकदा धुऊन भागणार नाही, दर दोन-तीन महिन्यांनी मागच्या बाजूला टॉर्च मारून बघा.

तिथून निघालो तेव्हा दोन वाजून गेले होते. सावली बघून एका दुकानाच्या पायरीवर दोघांनी डबे उघडले. कडक भाकरी, शेंगा चटणी, दही. मी विचारलं, "अण्णा, आधीच्या माणसाने गॅस भरला असता तर?" ते म्हणाले, "भरला असता तर अजून लोड वाढला असता. कॉम्प्रेसर गेला असता बघा, मेच्या आत." जेवता जेवता सांगितलं, हिशेबाच्या सुरात. तो मेकॅनिक चोर असंही ते म्हणाले नाहीत. "दिवसाला दहा कॉल घ्यालाय तो. मागं वाकून बघायला टाइम कुठाय."

संध्याकाळचा एक कॉल मात्र मला वेगळ्या कारणाने लक्षात राहिला. तिसऱ्या मजल्यावर बाहेरच्या भिंतीला लावलेलं आउटडोअर. अण्णा खिडकीतून बाहेर जाऊन छज्ज्यावर उभे राहिले, एक हात गजाला, दुसऱ्या हातात पाना. कंबरेला काही नाही. मागे मावळतीचं आकाश. दिवसातला सर्वांत देखणा फोटो तोच आला, आणि मालकांना तोच आवडणार हेही मला माहीत होतं.

आवडलाच. "हा टाक, याला म्हणतात मेहनत." मी म्हटलं, हा टाकता येणार नाही. आपला माणूस पट्ट्याशिवाय तिसऱ्या मजल्यावर लटकतोय आणि आपण त्याचं कौतुक करतोय, असं दिसतंय यात. उद्या नवी पोरं हेच शौर्य समजतील. आणि ज्यांना कळतं ते विचारतील, कंपनी पट्टा देत नाही का? मालक थोडा वेळ काही बोलले नाहीत. कंपनी पट्टा देत नव्हती. फोटो बाजूला राहिला, आणि पुढच्या आठवड्यात दोन सेफ्टी बेल्ट, दोऱ्या आणि हुकांसकट आले. कॅप्शनच्या निमित्ताने आलेली ऑफिसातली सर्वांत कामाची वस्तू तीच.

आता लिहायचं. दिवसभरात सहा कॉल झाले होते आणि मोह असा होता की सगळंच सांगावं. पाण्याचा फोन, ड्रेनचा उतार, रिमोटचे सेल, चार भाषा, भाकरी-चटणी. पण कॅप्शन म्हणजे फोटोखालच्या ओळी; वाचणारा अंगठ्याने वर सरकवत असतो. इन्स्टाग्रामवर पहिल्या दोन-एक ओळीच दिसतात, बाकीचं पुढे दाबल्यावर. त्या दोन ओळी "आज आपण भेटणार आहोत आमच्या कंपनीचे ज्येष्ठ..." यातच गेल्या तर पुढचं कोणी उघडत नाही. म्हणून ठरवलं, एकच घर, एकच बिघाड, आणि माणूस त्यातूनच दिसू द्यायचा. चांगुलपणाचं एकही विशेषण नको. गॅसची बाटली वर न नेणारा माणूस प्रामाणिक आहे हे मी सांगितल्याशिवाय कळतं, सांगितलं की संशय येतो.

फोटोही त्यावरूनच ठरला. मालकांना अण्णा अंगठा दाखवून हसतायत असा हवा होता. मी लवेचा पट्टा हातात धरलेला लावला. अण्णांचा चेहरा त्यात अर्धाच आहे, टोपीखाली, आणि ते कॅमेऱ्याकडे न बघता पट्ट्याकडे बघतायत. मागे आजींच्या घराचा नंबर आणि कारखान्याची पाटी दिसत होती ती कापली. घरच्यांना फोन करून विचारलं होतं. त्यांची हरकत नव्हती, फक्त "आमचं एवढं घाण होतं असं दिसायला नको" एवढीच अट. रास्त होती.

एका ओळीवरून मालकांशी वाद झाला. त्यांना "वीजबिलात तीस टक्के बचत" घालायचं होतं. आम्ही बिल बघितलं नव्हतं. करंट कमी झाला हे खरं, पण एसी किती तास चालतो, किती वेळा बंद-चालू होतो यावर बिल ठरतं. आधी तर तो तापून वारंवार बंदच पडत होता, त्या वेळात वीज कमीच गेली असेल. जे मोजलं ते लिहू: आधी इतके अँपिअर, नंतर इतके. मीटर अण्णांचा, आकडा अण्णांचा. मालकांनी ते मान्य केलं, काहीशा नाराजीने.

मजकूर मी टाकण्याआधी अण्णांना वाचून दाखवला. हे करायलाच हवं, कारण नाव, चेहरा आणि काम त्यांचं आहे, पेज आमचं. त्यांनी तीन बदल सांगितले. नाव फक्त "अण्णा" ठेवा, आडनाव आणि मोबाइल नको; नाहीतर रविवारी सगळे थेट मलाच फोन करतील. (मालकांनाही हेच हवं होतं, वेगळ्या कारणासाठी. परस्पर कामं होतील ही धास्ती या धंद्यातल्या प्रत्येक मालकाला असते.) दुसरं, मी त्यांच्या गुडघेदुखीबद्दल एक ओळ घातली होती ती काढा. "लोकांनी मला कामासाठी बोलवावं, कीव येऊन नको." आणि तिसरं, हेल्पर पोराचा उल्लेख कुठेय? टॉर्च त्याने धरला होता, पाणी त्याने वर चढवलं होतं.

शेवटी जे गेलं ते असं:

"मेकॅनिक म्हणाला होता, गॅस संपलाय. अण्णांनी गॅसची बाटली गाडीवरच ठेवली.
पूर्व भागातलं घर, खाली यंत्रमाग. एसी रात्री गार, दुपारी बंद. अण्णांनी मीटर लावला तर करंट वर चढत होता. गॅस कमी असता तर तो खाली आला असता.
मग ते आउटडोअरच्या मागे वाकले. फोटोत त्यांच्या हातात आहे ते कापड नाही. ती मागावरून उडालेली सुताची लव आहे, चार वर्षांची.
आधी कोरडा ब्रश, मग पाणी, तेही आतून बाहेर. आधी ९.८ अँपिअर, नंतर ७.३. पाणी लागलं दोन बादल्या. तिसरी अण्णांनी घरच्यांना परत केली, कारण नळ दोन दिवसांनी येणार होता.
टॉर्च धरणारा आणि बादल्या वर नेणारा आमचा हेल्पर फोटोत नाही. पुढच्या वेळी असेल.
घरच्यांच्या परवानगीने."

"संपर्क करा" आणि नंबर मालकांच्या आग्रहाने सर्वांत खाली. धंदा आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त तो गोष्टीच्या मधे येता कामा नये.

पोस्ट काही देशभर गाजली नाही. पण एरवी आमच्या ऑफरच्या पोस्टखाली "रेट?" एवढंच येतं, या वेळी लोक बोलले. एकाने आपल्या गिरणीवरच्या एसीत पीठ बसतं असं लिहिलं. एका बाईंनी आजींना फोटोत नसूनही ओळखलं. दोन दिवसांनी एका गृहस्थांचा फोन आला: "आमचंही मागून तसंच दिसतंय. मी स्वतः ब्रश मारला तर चालेल का?" मालक समोर बसून मान हलवत होते, नाही म्हण, नाही म्हण. मी फोन अण्णांकडे दिला. अण्णांनी सांगितलं, एमसीबी बंद करा, ब्रश मऊ आणि कोरडा, वरून खाली, पाणी तुम्ही मारू नका, कव्हर उघडू नका. आणि आउटडोअर गॅलरीत उभं राहून हाताला येत नसेल तर राहू द्या, आम्ही येतो. गृहस्थांनी स्वतःच केलं. जूनमध्ये मात्र त्यांनी घरातले तिन्ही एसी वार्षिक सर्व्हिसला आमच्याकडे दिले, हे मी मालकांना आवर्जून दाखवलं.

माझ्या कामात एवढा फरक पडला की जॉब कार्डावर दोन रकाने वाढले. "पाण्याचा दिवस" आणि "शेजारी माग, गिरणी, बांधकाम?" "कूलिंग नाही" अशी तक्रार आली की मी आता फोनवरच विचारते, दिवसा गार होत नाही की रात्रीही? जाड पाइप गार लागतो का? उत्तरावरून रोग कळतो असं नाही, ते अण्णा जाऊनच ठरवतात, पण कोणत्या कॉलला किती वेळ राखून ठेवायचा आणि गाडीवर काय चढवायचं ते कळतं.

पुढचा फोटो हेल्परचा. त्याने तारीख पुढे ढकलली आहे. आधी केस कापून येतो म्हणाला, आणि नव्या बेल्टसकट काढायचा, ही त्याची अट.